पाम मिळालेले रुग्णच जास्त दगावले, असं का दिसतं? प्रोपेन्सिटी स्कोरच्या आधीचं आणि नंतरचं काम

प्रश्न: सर, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थीसिससाठी ओपी पॉयझनिंगचे ५ वर्षांतले ६१२ केसपेपर एमआरडीतून काढले. ३८० जणांना पाम, म्हणजे प्रालिडॉक्सिम, मिळालं होतं आणि त्यातले ७६ दगावले. २३२ जणांना मिळालं नव्हतं, त्यातले २८ दगावले. म्हणजे २० टक्के विरुद्ध १२ टक्के, औषधानेच माणसं मेली असं दिसतंय! गाईड म्हणतात, प्रोपेन्सिटी स्कोर मॅचिंग करून टाक. त्यात कोणते व्हेरिएबल घालू? आणि केल्यावर निकालावर विश्वास ठेवता येईल का?

उत्तर:

गाईडचा सल्ला चुकीचा नाही, पण ‘करून टाक’ या दोन शब्दांत सगळा घोळ आहे. सॉफ्टवेअरला स्कोर काढायला एक सेकंद लागतो. तुम्हाला मात्र त्याआधी पंधरा दिवस केसपेपर पुन्हा चाळावे लागतील.

२० आणि १२ टक्क्यांचा फरक कुठून आला असेल, ते तुम्ही कॅज्युअल्टीत रोज पाहता. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगभर मांस फडफडतंय असा रुग्ण आला की सिस्टर पामची वायल फोडूनच उभी असते. शेजारच्या खाटेवर एक जण बसून नातेवाइकांशी बोलतोय, फवारणी करताना चक्कर आली एवढीच तक्रार. त्याला कोण पाम देतं? म्हणजे पाम मिळालेला गट मुळातच जास्त आजारी असतो. प्रोपेन्सिटी स्कोर ही गाठ सोडवायचा प्रयत्न करतो. रोझेनबॉम आणि रुबिन यांनी १९८३ साली मांडलेली कल्पना साधी आहे. रुग्ण आला त्या क्षणी जे दिसत होतं, त्यावरून त्याला हे औषध मिळण्याची शक्यता किती होती, तो एक आकडा काढायचा. ज्यांची शक्यता सारखी, त्यातल्या काहींना औषध मिळालं आणि काहींना नाही, त्यांची आपसांत तुलना करायची. स्कोर सारखा असलेल्या लोकांत, स्कोरमध्ये घातलेल्या सगळ्या गोष्टी सरासरीने दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात. न घातलेल्या गोष्टींबद्दल तो काहीच हमी देत नाही.

त्या व्याख्येतला ‘त्या क्षणी’ हा शब्द धरून ठेवा. तुमच्या ६१२ केसपेपरमध्ये तो क्षण अजून ठरलेलाच नाही.

‘पाम मिळालं’ हे तुम्ही डिस्चार्ज कार्ड किंवा डेथ समरी बघून, म्हणजे शेवट कळल्यावर, ठरवलं आहे. आल्यावर अर्ध्या तासात दगावलेला रुग्ण ‘पाम नाही’ या रकान्यात गेला, कारण द्यायला वेळच मिळाला नाही. पहिल्या दिवशी बरा वाटणारा, तिसऱ्या दिवशी मान उचलता येईना म्हणून पाम सुरू केलेला रुग्ण ‘पाम मिळालं’ या रकान्यात गेला. पहिली चूक औषधाच्या बाजूने झुकते, दुसरी औषधाच्या विरुद्ध. दोन्ही एकमेकींना बरोबर खोडून काढतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही, आणि कोणताही स्कोर त्या दुरुस्त करत नाही, कारण इथे चूक घड्याळाची आहे.

म्हणून शून्य वेळ ठरवा: कॅज्युअल्टीत नोंद झाली ती वेळ. मग एक मुदत ठरवा. मी २ तास घेईन, कारण पाम द्यायचं की नाही हे बहुतेक वेळा तेवढ्यात ठरतं. २ तासांच्या आत पाम सुरू झालं तो एक गट. २ तास पूर्ण झाले तेव्हा जिवंत होता पण सुरू झालं नव्हतं तो दुसरा गट, मग पुढे कधी का मिळेना. २ तासांच्या आत दगावलेले दोन्हीकडून बाहेर. प्रश्नही त्याबरोबर बदलतो, तो थीसिसमध्ये स्पष्ट लिहा: ‘पहिले २ तास जगलेल्या रुग्णांत, त्या वेळात पाम सुरू करणं विरुद्ध न करणं’.

मोजून दाखवतो. तुमची बेरीज मी तशीच ठेवली आहे. आतली फोड मात्र समजावण्यापुरती माझी आहे, खरी तुमच्या केसपेपरवरून निघेल. समजा ३८० पैकी ३४ जणांना ग्रामीण रुग्णालयात किंवा खाजगीत पाम सुरू होऊनच ते तुमच्याकडे आले. त्यांचं शून्य तुमच्या दारात नाही, म्हणून ते बाहेर. त्यातले ७ दगावले होते. ११ जण पाम सुरू होऊनही २ तासांत गेले, तेही बाहेर. २२ जणांना २ तासांनंतर सुरू झालं, ते दुसऱ्या गटात जातील; त्यातले ८ दगावले. उरले ३१३, मृत्यू ५०, म्हणजे १६ टक्के.

आता २३२ कडे या. ९ जण २ तासांत गेले. १८ जणांना तुमच्याकडे नाही पण बाहेर पाम मिळालं होतं, त्यातले ३ दगावले, तेही वगळा. आणि ६१ जणांना कोलिनर्जिक लक्षणंच नव्हती, ॲट्रोपिनही लागलं नाही, नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. त्यातलं कोणी दगावलं नाही. या ६१ जणांना कुठल्याही डॉक्टरने पाम दिलं नसतं. ज्याला औषध मिळण्याची शक्यताच नाही, त्याच्याकडून औषधाबद्दल काही शिकता येत नाही. म्हणून प्रवेशाची अट ठेवा: आल्यावर ॲट्रोपिन लागेल इतकी लक्षणं. उरले १४४, त्यात ते २२ मिळवले की १६६. मृत्यू १६ आणि ८ मिळून २४, म्हणजे १४.५ टक्के.

२० विरुद्ध १२ होतं, ते १६ विरुद्ध १४.५ झालं. अजून एकही स्कोर काढलेला नाही. ८ टक्क्यांच्या फरकातला साडेसहा टक्क्यांचा भाग ‘आधी पाम मिळालेले’, ‘लक्षणं नसलेले’ आणि ‘उशिरा पाम मिळालेले’ यांच्या सरमिसळीतून आला होता. मी पाहिलेल्या रेट्रोस्पेक्टिव्ह थीसिसांत ही पायरी जवळजवळ नेहमी गाळलेली असते आणि थेट मॅचिंगचा तक्ता छापलेला असतो.

आता व्हेरिएबल. इथे तुम्हाला दोन प्रश्न विचारायचे आहेत. ही गोष्ट पाम सुरू होण्याआधी घडलेली किंवा मोजलेली आहे का? आणि मृत्यूशी तिचा स्वतःचा संबंध आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर ती आत. पाम देण्याच्या निर्णयाशी तिचा संबंध पुसट असला तरी चालेल. उलट केलं, म्हणजे फक्त ‘पाम कोणाला मिळालं’ याच्याशी पी-व्हॅल्यू चांगली आली म्हणून व्हेरिएबल घेतले, तर मॉडेल चुकीच्या गोष्टींनी भरतं.

तुमच्या बाबतीत माझी यादी अशी असेल: वय, लिंग, विष पोटात गेल्यापासूनचे तास, आल्यावरचा जीसीएस, सिस्टोलिक बीपी, ऑक्सिजन सॅच्युरेशन, फॅसिक्युलेशन, आधी कुठे ॲट्रोपिन मिळालं का, थेट आला की १०८ ने रेफर होऊन आला, दाखल झाल्याचं वर्ष आणि कीटकनाशकाचा प्रकार. हा शेवटचा प्रकार ‘ओपी’ एवढ्यावर सोडू नका. क्लोरपायरिफॉस डायइथाइल आहे. मोनोक्रोटोफॉस आणि डायमेथोएट डायमिथाइल. डायमिथाइलमध्ये एन्झाइमचं एजिंग फार लवकर होतं, अर्धायुष्य चारेक तासांचं. डायइथाइलमध्ये ते तीसेक तासांचं. एजिंग झालेल्या एन्झाइमवर पामचा उपयोग नाही. म्हणून ‘प्रकार’ आणि ‘तास’ हे दोन्ही हवेतच. डबा नातेवाइकांनी आणला असेल तर केसपेपरवर नाव सापडतं, नाहीतर एमएलसीच्या नोंदीत बघा. तरीही सापडलं नाही तर ‘अज्ञात’ हा वेगळा प्रकार ठेवा. अज्ञात असणं हीसुद्धा एक माहिती आहे: बेशुद्ध, एकटा सापडलेला, कोणाला काही ठाऊक नाही.

व्हेंटिलेटर, आयसीयूतले दिवस, एकूण ॲट्रोपिनचा डोस आणि इंटरमीडिएट सिंड्रोम या गोष्टी आत येऊ देऊ नका. त्या पामनंतर घडतात आणि पामचा परिणाम अंशतः त्यांच्यातूनच जातो. पाम श्वसनाचे स्नायू वाचवत असेल तर व्हेंटिलेटर कमी लागेल, आणि तुम्ही दोन गट व्हेंटिलेटरवर सारखे केले की तोच फायदा पुसून टाकलात. ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका रेसिडेंटला मी व्हेंटिलेटर घालून मॅचिंग करून दिलं. तक्ता इतका सुरेख जुळला की आम्ही दोघेही खूश. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, ‘ट्यूब आधी की औषध आधी?’ त्या पोराला बिचाऱ्याला उत्तर देता आलं नाही, आणि मलाही आलं नसतं. कॅज्युअल्टीत पाम लावण्याआधीच ट्यूब टाकली असेल आणि दोन्ही वेळा लिहिलेल्या असतील, तर ती नोंद बेसलाइन म्हणून घेता येते. वेळ नसेल तर सोडून द्या.

आता आपल्याकडची खास गोष्ट: पामचा साठा. फार्मसीत पाम संपलं की नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी जाते, बाहेरून आणा. हा व्हेरिएबल घालावा का? ‘पाम कोणाला मिळालं’ हे तो सगळ्यात जास्त सांगतो, म्हणून मोह होतो. पण साठा संपल्याने मृत्यूवर जो काही परिणाम होतो तो फक्त पाम न मिळाल्यामुळेच होत असेल, तर तो स्कोरमध्ये घालू नका. कारण दोन सारख्याच आजारी रुग्णांत एकाला पाम मिळालं आणि एकाला नाही, हा फरक ज्या निव्वळ योगायोगातून तयार होतो तो हाच. तो मॉडेलमध्ये घातला की योगायोगाचा वाटा संपतो, आणि उरलेल्या फरकात डॉक्टरांनी पाहिलेलं पण केसपेपरवर न लिहिलेलं गांभीर्य अधिकच ठळक होतं. चूक कमी व्हायच्या जागी वाढते.

पण ‘फक्त पाममुळेच’ ही अट आपल्याकडे खरोखर पाळली जाते का? पाम संपतं तेव्हा कधी कधी ॲट्रोपिनचीही ओढाताण असते. कापूस-सोयाबीनच्या फवारणीचे दिवस असतात, वॉर्डात एका खाटेवर दोन रुग्ण. आणि साठा नसताना पाम कोणाला मिळतं? ज्याचा भाऊ पैसे घेऊन सोबत आलाय त्याला. तो भाऊ चौथ्या दिवशीही सोबत असतो, सक्शनसाठी सिस्टरला हाक मारतो, रक्त बाहेरून तपासून आणतो. म्हणजे साठा नसलेल्या महिन्यांत नातेवाइकांची ऐपत हा कन्फाउंडर होतो आणि केसपेपरवर तो कुठेच लिहिलेला नसतो. माझा मार्ग असा: दाखल झाल्याचं वर्ष आणि फवारणीचा हंगाम आहे की नाही हे स्कोरमध्ये घालतो, साठा घालत नाही. मग फार्मसीच्या स्टॉक रजिस्टरवरून साठा असलेल्या काळातले रुग्ण वेगळे काढून तेच विश्लेषण पुन्हा करतो. दोन उत्तरं फार वेगळी आली तर ऐपतीचा हात आहे असं समजून तसं लिहितो.

एकूण व्हेरिएबल किती? लहान गट १६६ चा आहे, त्याला बारा-पंधरा टर्म झेपतात. मृत्यू मात्र ७४ च आहेत. मृत्यूचंच लॉजिस्टिक रिग्रेशन करायला गेलात तर सहा-सात व्हेरिएबलनंतर ते डगमगू लागेल. स्कोरचा खरा व्यावहारिक फायदा हाच, आणि दुसरा फायदा असा की गट जुळवण्याचं सगळं काम मृत्यूचा रकाना झाकून करता येतं. तो रकाना खरोखरच वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. न लिहिलेल्या नोंदींसाठी, विशेषतः जीसीएससाठी, मल्टिपल इंप्युटेशन करा आणि प्रत्येक भरलेल्या प्रतीत स्कोर नव्याने काढा. फक्त इंप्युटेशनच्या मॉडेलमध्ये मृत्यू घालावा लागतो, तेवढ्यापुरता तो रकाना उघडेल.

आता मॅचिंग. इथे मी गाईडांशी असहमत आहे. तुमच्याकडे पाम मिळालेले ३१३ आणि न मिळालेले १६६. एकास एक जोडी लावली तर फार तर १६६ जोड्या होतील, कॅलिपर लावल्यावर आणखी कमी. पाम मिळालेल्यांपैकी निम्मे फेकले जातील, आणि फेकले जातील ते बहुतेक सगळ्यात आजारी. उरलेला गट नक्की कोणाचं प्रतिनिधित्व करतो हे सांगता येणार नाही. त्याऐवजी ओव्हरलॅप वेट वापरा. स्कोर e असेल तर पाम मिळालेल्याला वजन 1 − e, न मिळालेल्याला वजन e. ज्याला पाम मिळणं जवळपास नक्की होतं आणि मिळालंच, त्याचं वजन शून्याजवळ जातं. ज्याच्या बाबतीत निर्णय इकडे किंवा तिकडे जाऊ शकला असता, त्याचं वजन सर्वांत जास्त. उत्तरही त्याच रुग्णांबद्दल मिळतं, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला शंका पडते ती त्यांच्याच बाबतीत.

```r
library(cobalt)
f <- pam2h ~ age + sex + log(hrs) + gcs_low + compound +
     sbp + spo2 + fascic + pre_atropine + referred +
     season + year
d$e <- fitted(glm(f, family = binomial, data = d))
d$w <- ifelse(d$pam2h == 1, 1 - d$e, d$e)
bal.tab(f, data = d, weights = "w", un = TRUE, int = TRUE,
        binary = "std", s.d.denom = "pooled")
```

पुढे जाण्याआधी दोन्ही गटांच्या स्कोरचे हिस्टोग्राम एकाखाली एक काढा. समजा ०.९३ च्या वर एकही ‘पाम नाही’ रुग्ण नाही. ते केसपेपर काढून वाचा. बहुधा सगळे जीसीएस ५-६ चे, फेस आलेले असतील. त्यांच्याबद्दल तुमचा डेटा गप्प आहे, हे थीसिसमध्ये एका वाक्यात लिहा. आणि स्कोरचा सी-स्टॅटिस्टिक ०.९ आला म्हणून खूश होऊ नका. तो जितका जास्त, तितके दोन गट एकमेकांपासून दूर, म्हणजे तुलनेला जागा तितकी कमी.

`bal.tab` चा तक्ता वाचताना एक सापळा आहे. जीसीएस १० किंवा कमी असलेले समजा पाम गटात ४६ टक्के आणि दुसऱ्या गटात २२ टक्के होते. प्रमाणित फरक ०.५२ आला, ०.१ च्या आत असला तर ठीक मानतात, म्हणजे हा प्रचंड आहे. वजन दिल्यावर तोच फरक ०.०० दिसेल, वयाचाही ०.००, सगळ्यांचाच ०.००. पेढे वाटू नका. लॉजिस्टिक रिग्रेशनचा स्कोर आणि ओव्हरलॅप वेट एकत्र आले की मॉडेलमध्ये घातलेल्या प्रत्येक टर्मची सरासरी दोन्ही गटांत गणितानेच तंतोतंत सारखी होते, मॉडेल चुकीचं असलं तरी. तपासायचं ते मॉडेलमध्ये नसलेल्या गोष्टींवर. त्यासाठीच वर `int = TRUE` लिहिलं आहे. त्यातून दोन-दोन व्हेरिएबलच्या गुणाकारांचा फरक दिसतो. समजा ‘तास’ आणि ‘कमी जीसीएस’ यांच्या गुणाकारावर ०.१९ आला. अर्थ असा की उशिरा आलेल्यांमध्ये बेशुद्ध लोक अजूनही एका बाजूला जास्त आहेत. मॉडेलमध्ये `log(hrs) * gcs_low` लिहा, स्कोर पुन्हा काढा, तक्ता पुन्हा बघा. मॉडेलमध्ये न घातलेली एखादी बेसलाइन नोंद, समजा नाडीचा वेग, हाताशी असेल तर तिचाही फरक पाहा. तो आपोआप जुळला तर थोडा विश्वास वाढतो. या तक्त्यात पी-व्हॅल्यू टाकू नका. रुग्ण कमी असले की ती आपोआप ‘नॉट सिग्निफिकंट’ येते आणि गट जुळल्याचा भास होतो.

हे सगळं झाल्यावर मृत्यूचा रकाना उघडा. समजा वजन देऊन पाम गटात मृत्यू १३.१ टक्के आले आणि दुसऱ्या गटात १५.०. फरक उणे १.९. याची ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल बूटस्ट्रॅपने काढा आणि प्रत्येक फेरीत स्कोरही नव्याने काढा. एवढ्या संख्येला ती साधारण उणे १० ते अधिक ६ अशी येईल. म्हणजे पामने १०० मागे १० जीव वाचवले असंही म्हणता येत नाही आणि ६ घेतले असंही नाही. ‘पाम परिणामकारक नाही’ असं कृपया लिहू नका. ‘या डेटावरून फायदा किंवा तोटा ठरवता येत नाही’ एवढंच लिहा.

विश्वासाचं विचारलंत. विषाचं प्रमाण ही मृत्यू ठरवणारी मोठी गोष्ट, आणि केसपेपरवर ‘अमाउंट नॉट नोन’ एवढंच असतं. वासावरून, उलटीवरून, नातेवाइकांच्या चेहऱ्यावरून डॉक्टरला अंदाज येतो आणि तो पाम लावतो. तो अंदाज स्कोरमध्ये नाही. त्यामुळे उरलेली चूक बहुधा पामच्या विरुद्ध झुकलेली असेल. शिवाय ‘पाम दिलं’ हा एकच उपचार नाही. एकाला १ ग्रॅम एकदा, दुसऱ्याला जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला ३० मिलिग्रॅम प्रति किलो लोडिंग आणि मग तासाला ८ मिलिग्रॅम प्रति किलो इन्फ्युजन. दोघेही तुमच्या शीटमध्ये `1`. आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातल्या बारामतीत झालेल्या २००६ च्या लॅन्सेटमधल्या ट्रायलमध्ये २०० रुग्णांना आधी २ ग्रॅम लोडिंग दिलं. मग एका गटाला ४८ तास तासाला १ ग्रॅम सलग दिलं आणि दुसऱ्याला दर ४ तासांनी १ ग्रॅम. मृत्यू १ टक्का विरुद्ध ८ टक्के. २००९ च्या श्रीलंकेतल्या ट्रायलमध्ये पाम आणि प्लासिबो अशी तुलना २३५ रुग्णांत झाली आणि मृत्यू पाम गटात २४.८ टक्के, प्लासिबो गटात १५.८ टक्के, फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता. नीट रँडमाइज केलेले दोन अभ्यास इतक्या वेगळ्या दिशांना जातात, त्यात डोस, विषाचा प्रकार आणि उशीर यांचा हात असू शकतो. तेव्हा तुमच्या शीटमध्ये पहिल्या २४ तासांतला एकूण डोस हा रकाना घाला. तो पामनंतरचा असल्यामुळे स्कोरमध्ये नको, पण ‘आमच्याकडे पाम म्हणजे नक्की काय’ हे वर्णनात दिसायला हवं.

राहिला डामा, आणि मला तुमच्या थीसिसमध्ये सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. रुग्ण खालावला की नातेवाईक सही करून हैदराबादला, सोलापूरला किंवा सरळ घरी नेतात. तुमच्या शीटमध्ये तो ‘मृत्यू नाही’ म्हणून मोजला गेला असणार. समजा ३१३ मध्ये २९ डामा आहेत आणि १६६ मध्ये १२. पाम गटातले सगळे डामा दगावले आणि दुसऱ्या गटातले सगळे वाचले असं धरलं तर २५.२ विरुद्ध १४.५ टक्के. उलट धरलं तर १६.० विरुद्ध २१.७. स्कोर काढून आपण ज्या १.९ टक्क्यांच्या मागे लागलो, तो या दोन टोकांच्या मधे कुठेही हरवून जाईल.

म्हणून पहिला आठवडा `R` मध्ये घालवू नका. एथिक्स कमिटीकडून परवानगीत सुधारणा घ्या, ४१ डामा रुग्णांची यादी काढा आणि एमएलसी नंबर जुळवा. विषबाधा असल्यामुळे एमएलसी झालेली असते. घरी किंवा वाटेत मृत्यू झाला असेल तर पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पोस्टमॉर्टेम रजिस्टरमध्ये नाव सापडण्याची चांगली शक्यता असते. ४१ पैकी ३० जणांचा जरी ठाव लागला, तरी ती दोन टोकं बरीच जवळ येतील. मग शून्य वेळेचा रकाना भरून शीट घेऊन या, स्कोर आपण एका दुपारी काढू.